एका मॅकबुक एअरच्या तीन तक्रारी: रीसेटने काय सुटलं आणि काय नाही

मशीन होतं १३ इंची मॅकबुक एअर, २०१५ सालचं, मॉडेल ए१४६६. त्यावर मॅकओएस मॉन्टेरे. मालक नागपुरात धरमपेठेत घरूनच लग्नपत्रिका आणि बॅनरची डिझाइनं करणारे. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मशीनने एकाच आठवड्यात तीन त्रास दिले. चार्जर लावला तरी मॅगसेफच्या टोकावरचा दिवा लागेना आणि बॅटरी उतरत जाई. पंखा चालू केल्या क्षणापासून पूर्ण वेगाने फिरे, पडद्यावर काहीही उघडलेलं नसलं तरी. आणि मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावत, मग प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डर लुकलुके, आणि बऱ्याच वेळाने लॉगिनचा पडदा येई.

तीन तक्रारी एकत्र आल्या की साहजिकच एकच कारण शोधलं जातं. बर्डीवरच्या दुकानात फोन करून त्यांनी विचारलं तेही तसंच: "भाऊ, बोर्डच गेला वाटते. का नवीन चार्जर घेऊन पाहू?" खरं म्हणजे या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या जागी बिघडल्या होत्या. एक एसएमसीत, एक एनव्हीरॅममध्ये, आणि एक मशीनच्या बाहेर, विजेच्या एक्स्टेंशन बोर्डात. ही तिसरी सर्वांत उशिरा सापडली, कारण रीसेटने ती सुटल्यासारखी दिसली होती. हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगं वाटतं ते त्यामुळेच.

रीसेट नेमका कशाचा होतो

इंटेल मॅकमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय एक छोटा स्वतंत्र कंट्रोलर असतो, तो एसएमसी, म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट कंट्रोलर. पॉवरचं बटण दाबल्याचं ओळखणं, बॅटरी चार्ज करायची की थांबवायची हे ठरवणं, तापमानाचे सेन्सर वाचून पंख्याचा वेग बदलणं, मॅगसेफचा दिवा नारिंगी किंवा हिरवा करणं, झाकण मिटल्यावर झोपवणं, ही सगळी त्याची कामं. मशीन बंद असतानाही तो बॅटरीवर जागा असतो, नाहीतर बटण दाबलेलं कळणार कोणाला? म्हणून मॅक रीस्टार्ट केला की मॅकओएस नव्याने चालू होतं, पण एसएमसी जिथे होता तिथेच राहतो. त्याच्या हिशेबात काही चुकीचं अडकून बसलं असेल तर ते दहा रीस्टार्टनंतरही तसंच दिसतं. त्याला मुळापासून सुरू करायला लावणं म्हणजे एसएमसी रीसेट.

एनव्हीरॅम ही त्याहून साधी गोष्ट आहे. ती वीज गेली तरी टिकणारी लहानशी नोंदवही. आवाजाची पातळी, पडद्याचं रेझोल्यूशन, टाइम झोन, शेवटच्या कर्नल पॅनिकची माहिती, आणि मुख्य म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ही नोंद तिथे असते. मॅकओएस लोड होण्याआधी फर्मवेअर ही नोंदवही वाचतो. तिच्यात चुकीचा पत्ता असेल तर मशीन आधी तिकडे जाऊन शोधत बसतं.

दोन्ही रीसेटमध्ये तुमच्या फाइली, अॅप किंवा फाइलव्हॉल्टचं कुलूप यांना धक्का लागत नाही. तरी बॅटरी आणि चार्जिंग संशयात असेल तर आधी टाइम मशीनचा बॅकअप घ्यावा, कारण रीसेटने काही झालं नाही तरी पुढच्या वेळी मशीन चालू होईलच असं नाही.

आधी नोंद, मग हात

इंटरनेटवरचा नेहमीचा सल्ला असतो की दोन्ही रीसेट लागोपाठ मारून टाका. त्याने कधी कधी काम होतं, पण कशाने झालं ते कळत नाही, आणि त्रास परत आला की पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून आधी टर्मिनलमध्ये मशीनची स्थिती लिहून घेतलेली बरी.

```
pmset -g batt
pmset -g therm
system_profiler SPPowerDataType
sudo powermetrics --samplers smc -n 1
nvram -p > ~/Desktop/nvram-before.txt
```

पहिल्या आदेशाने चार्जर लावलेला असताना या मशीनवर हे दिसलं:

```
Now drawing from 'Battery Power'
 61%; discharging; 2:48 remaining present: true
```

इथे थांबून एक फरक नीट पाहायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चार्जिंग होत नाही ही तक्रार दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत येते. एकीत `AC attached; not charging` असं दिसतं, म्हणजे वीज मॅकपर्यंत पोहोचली आहे पण ती बॅटरीत सोडली जात नाही. हा निर्णय एसएमसीचा असतो, म्हणून तिथे एसएमसीवर संशय घ्यायला जागा आहे. दुसरीत वरच्यासारखं `Battery Power` दिसतं, म्हणजे मॅकच्या दृष्टीने चार्जर लावलेलाच नाही. मग संशय आधी अॅडॅप्टर, भिंतीवरचं सॉकेट, वायर आणि मॅगसेफच्या पिना यांच्यावर जायला हवा.

पहिल्या परिस्थितीबद्दलही नागपूरकरांनी एक लक्षात ठेवावं. अॅपलने या मशीनसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं आहे. मे महिन्यात दुपारी कूलर बंद असलेली खोली ४० च्या वर सहज जाते. बॅटरी फार तापली तर चार्जिंग मुद्दाम रोखलं जातं आणि ती थंड झाली की आपोआप सुरू होतं. तो बिघाड नव्हे, आणि रीसेटने त्यात काहीच फरक पडत नाही. तसंच बॅटरी ९३ ते ९९ टक्क्यांवर थांबलेली दिसणं हेही या पिढीच्या मशीनमध्ये नेहमीचं आहे.

तिसऱ्या आदेशात बॅटरीच्या सायकल ४१२ दिसल्या आणि स्थिती नॉर्मल. या मॉडेलची बॅटरी १००० सायकलसाठी बनवलेली असल्याने तिच्यावरचा संशय मागे पडला. त्याच अहवालात खाली एसी चार्जरची माहिती येते. चार्जर नीट ओळखला गेला असता तर तिथे ४५ वॅट दिसले असते. इथे कनेक्टेडसमोर नो होतं.

पंख्याचा आकडा जास्त बोलका निघाला. सकाळी मशीन थंड असताना चालू करून लगेच मोजलं, तर प्रोसेसरचं तापमान ४६ अंश आणि पंखा ६५०० फेरे प्रति मिनिट, म्हणजे या एअरच्या पंख्याची कमाल मर्यादा. अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये प्रोसेसर जवळजवळ रिकामा. गरम मशीनचा पंखा जोरात फिरला तर तो आपलं काम करतो आहे. थंड आणि रिकाम्या मशीनचा पंखा कमाल वेगाने फिरत असेल, तर तो तापमानाकडे पाहतच नाही असा त्याचा अर्थ. एक तर एसएमसी चुकीच्या अवस्थेत अडकला आहे, किंवा एखादा सेन्सर त्याला काहीच सांगत नाही आणि सावधगिरी म्हणून तो पंखा पूर्ण सोडतो आहे. यातलं कोणतं, हे रीसेटनंतर ठरतं.

पंख्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये मात्र असं काही नसतं. एखादा ब्राउझरचा टॅब किंवा स्पॉटलाइटची `mds_stores` ही प्रक्रिया प्रोसेसर खात असते. कधी `kernel_task` खूप टक्के दाखवते. तीही गरम झालेल्या प्रोसेसरला कमी काम मिळावं म्हणून जागा अडवून बसलेली असते, तिला बंद करायला जाऊ नये. आणि कूलरच्या खसाचा किंवा वुडवूलचा भुसा बिजागरीजवळच्या हवेच्या फटींत बसला असेल, तर आधी तो साफ करावा.

एसएमसी रीसेट

या एअरची बॅटरी आतच बसवलेली आहे आणि त्यात टी२ चिप नाही. अशा मशीनसाठी, म्हणजे साधारण २००९ च्या मध्यापासून २०१७ पर्यंतच्या मॅकबुकसाठी, पद्धत अशी. अॅपल मेनूतून मशीन पूर्ण बंद करा. झोपलेलं मशीन चालत नाही, आणि झाकण मिटून उघडणं म्हणजे बंद करणं नव्हे. मग डाव्या हाताने मशीनच्याच कीबोर्डवरचं डावं शिफ्ट, डावं कंट्रोल आणि डावं ऑप्शन एकत्र दाबा, आणि ते दाबलेले असतानाच उजव्या हाताने पॉवरचं बटण दाबून धरा. चारही १० सेकंद धरून ठेवा, सगळे एकदम सोडा, आणि मग नेहमीसारखं पॉवरचं बटण दाबून मशीन सुरू करा.

चुकतं ते बहुधा इथेच. उजवीकडचं शिफ्ट दाबलं जातं, किंवा यूएसबी नाहीतर ब्लूटूथचा बाहेरचा कीबोर्ड वापरला जातो. या रीसेटसाठी तो उपयोगाचा नाही. पॉवरचं बटण आधी आणि बाकीची नंतर दाबली तर मशीन सरळ चालूच होतं. बटणं धरलेली असताना आवाज येऊन मशीन सुरू झालं, तर रीसेट झाला नाही असं धरून पुन्हा बंद करून सुरुवात करावी. चार्जर जोडलेला आणि चालू असेल तर रीसेटच्या क्षणी मॅगसेफचा दिवा क्षणभर विझतो किंवा रंग बदलतो; ही खूण मिळाली तर उत्तम.

मालकांनी पहिला रीसेट घरीच केला. त्यासाठी त्यांनी मशीन बंद करून सगळ्या वायरी काढल्या, अॅडॅप्टरही भिंतीतून काढला, रीसेट केला, आणि थोड्या वेळाने सगळं परत जोडलं. मॅगसेफचा दिवा नारिंगी लागला आणि `pmset` मध्ये `charging` आलं. पंखा शांत होता: रिकाम्या मशीनवर १२०० फेरे, जो त्याचा किमान वेग आहे, आणि काम करताना तापमानाबरोबर चढणारा. पंखा पुन्हा तापमानाचं ऐकू लागला, म्हणजे सेन्सर ठीक आहेत आणि एसएमसीची अवस्थाच अडकली होती, हे इथे स्पष्ट झालं. एखादा सेन्सर खरोखर मेला असता तर रीसेटनंतर सुरू होताच पंखा पुन्हा ६५०० वर गेला असता.

दोन तक्रारी एका रीसेटने गेल्या असं तेव्हा वाटलं.

तीन दिवसांनी

चौथ्या दिवशी दुपारी दिवा पुन्हा विझला. `Battery Power`, कनेक्टेडसमोर नो, सगळं पहिल्यासारखं. पंखा मात्र शांतच राहिला. हीच या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट. दोन्ही तक्रारी एसएमसीमुळे असत्या आणि एसएमसी पुन्हा बिघडला असता, तर पंखाही परत ओरडायला हवा होता. एक परत आली आणि दुसरी नाही, म्हणजे त्यांची मुळं वेगळी.

आता दुसऱ्यांदा एसएमसी रीसेट केला, पण या वेळी अॅडॅप्टर भिंतीतून न काढता. दिवा लागला नाही. मग रीसेटला हात न लावता फक्त अॅडॅप्टर भिंतीतून काढला, ६० सेकंद बाहेर ठेवला, आणि परत लावला. दिवा लगेच लागला.

म्हणजे पहिल्या वेळीही चार्जिंग सुरू झालं ते एसएमसी रीसेटने नव्हे. रीसेटच्या तयारीत अॅडॅप्टर काही वेळ भिंतीबाहेर राहिला होता, त्याने. श्रेय चुकीच्या पायरीला गेलं होतं. रीसेटच्या सूचनांमध्ये सगळ्या वायरी काढा असं असतं, म्हणून हा घोळ वाटतो त्याहून जास्त वेळा होतो.

कारण अॅडॅप्टरमध्येच आहे. वायरीतून किंवा अर्थिंगमधून विजेचा गोंगाट आला तर मॅगसेफचा अॅडॅप्टर स्वतःला बंद करून घेतो. भिंतीतून काढून एक मिनिट ठेवला की तो पुन्हा तयार होतो. रेफ्रिजरेटर किंवा बॅलास्टचे ट्यूबलाइट असलेल्या सर्किटवर असं घडू शकतं, असं अॅपलनेही सांगितलेलं आहे. धरमपेठेतल्या त्या खोलीत अॅडॅप्टर ज्या एक्स्टेंशन बोर्डवर होता, त्याच बोर्डवर डेझर्ट कूलर लावलेला होता. मोटर आणि पाण्याचा पंप एकाच बोर्डवरून चालू-बंद होत, आणि अॅडॅप्टर तीन पिनांच्या लांब वायरीने त्याच अर्थिंगला जोडलेला. दुपारी कूलर सुरू झाला की केव्हातरी दिवा जाई. रात्री लावलेला चार्जर सकाळपर्यंत नीट चाले, कारण रात्री मशीन आतल्या खोलीत, वेगळ्या सॉकेटवर असे.

पडताळा घेणं सोपं होतं. अॅडॅप्टर आतल्या खोलीतल्या स्वतंत्र सॉकेटवर लावला आणि कूलर नेहमीसारखा चालवला. दिवसभर दिवा टिकला. मग परत एक्स्टेंशन बोर्डवर आणला, आणि कूलर बंद-चालू करत राहिल्यावर दिवा पुन्हा गेला. अॅडॅप्टर खराब असता तर आतल्या खोलीतही तो तसाच वागला असता, म्हणून नवा घेण्याचा खर्च वाचला. पुढे इलेक्ट्रिशियनने बोर्डचं अर्थिंग तपासलं, तर बोर्डाच्या आत अर्थिंगची वायर स्क्रूखाली सैल होती. ती घट्ट केली आणि कूलरला वेगळं सॉकेट दिलं.

इथे एक चुकीचा उपाय नेहमी सुचवला जातो: तीन पिनांची वायर काढून अॅडॅप्टरला फक्त छोटं दोन पिनांचं टोक लावायचं, म्हणजे अर्थिंगच नको. त्याने गोंगाटाची वाट कदाचित बंद होईल, पण मशीनच्या अॅल्युमिनियमवर हात फिरवला की बारीक झिणझिण्या जाणवतात. अर्थिंग नीट करून घेणंच बरोबर.

मॅगसेफच्या टोकाचीही या निमित्ताने तपासणी झाली, आणि ती नेहमी करावी. त्यात पाच पिना असतात. मधली पिन वीज नेत नाही. तिच्यातून मॅक अॅडॅप्टरशी बोलतो, तो किती वॅटचा आहे ते विचारतो आणि दिव्याचा रंग सांगतो. ही पिन स्प्रिंगवर असते, आणि धूळ किंवा चिकट मळ बसून ती आत अडकली तर अॅडॅप्टर आणि वायर धडधाकट असूनही दिवा लागत नाही. अॅडॅप्टर भिंतीतून काढून भिंगातून पाचही पिनांची उंची सारखी आहे का ते पाहावं. मऊ, कोरड्या टूथब्रशने टोक आणि मशीनमधलं सॉकेट दोन्ही झाडावं. चुंबकामुळे स्टेपलर पिनेचे तुकडे आणि लोखंडाचा चुरा तिथे येऊन चिकटतो, तो बाजूला काढावा. कापसाचा बोळा वापरला तर तंतू मागे राहिले नाहीत ना हे बघावं. या मशीनमध्ये पिना ठीक होत्या.

सुरू होतानाची तक्रार आणि एनव्हीरॅम

आता डेस्कटॉपवर जतन केलेली `nvram-before.txt`. त्यात दोन ओळींनी सगळं सांगितलं. `boot-args` समोर `-v` होतं, आणि `efi-boot-device` मध्ये एका बाहेरच्या डिस्कचा पत्ता.

`-v` म्हणजे सुरू होताना प्रत्येक पायरी अक्षरांत दाखव. मशीन सुरू व्हायला उशीर का लागतो हे पाहायला कोणीतरी ते घातलं होतं आणि काढायचं राहून गेलं. काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी हा बिघाड नव्हताच.

खरा उशीर दुसऱ्या ओळीमुळे. मालकांची काही जुनी डिझाइन अॅप ३२ बिटची होती. मॅकओएसमध्ये अशी अॅप चालवणारी शेवटची आवृत्ती मोहावे. २०१९ च्या कॅटालिनापासून ती बंद झाली. म्हणून त्यांनी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर मोहावे ठेवून कधीकधी तिथून मशीन सुरू करण्याची सोय केली होती, आणि एकदा ती डिस्क स्टार्टअप डिस्क म्हणून निवडली होती. पुढे ती डिस्क कपाटात गेली. नोंदवहीत मात्र पत्ता तिचाच. मशीन प्रत्येक वेळी आधी ती डिस्क शोधे, सापडली नाही की प्रश्नचिन्हाचं फोल्डर दाखवे, आणि मग आतल्या एसएसडीवर येई. प्रश्नचिन्ह काही क्षण लुकलुकून मशीन पुढे सुरू होत असेल, तर दोष बहुधा निवडीचा असतो. ते तसंच राहिलं आणि मशीन कधीच सुरू झालं नाही, तर आतली डिस्क किंवा तिच्यावरचं मॅकओएस पाहावं लागतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या दोन गोष्टींसाठी पूर्ण रीसेटची गरजच नव्हती. सिस्टिम प्रेफरन्सेसमधल्या स्टार्टअप डिस्कमध्ये आतली डिस्क निवडली असती आणि

```
sudo nvram -d boot-args
```

हा एकच आदेश दिला असता तर पुरलं असतं. नोंदवहीत काय आहे हे वाचता येत असेल तर चुकीची ओळ खोडणं हे पूर्ण वही कोरी करण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पण लॉगिनपर्यंत पोहोचताच येत नसेल, किंवा टर्मिनल सोयीचं वाटत नसेल, तर रीसेट योग्य. या मशीनवर तो केला गेला, कारण बंद केल्यावर आवाजाची पातळीही लक्षात राहत नव्हती.

पद्धत अशी: मशीन बंद करा. पॉवरचं बटण दाबा आणि लगेच ऑप्शन, कमांड, पी आणि आर ही चार बटणं एकत्र दाबून साधारण २० सेकंद धरा. २०१५ च्या या एअरवर सुरू होताना घंटेसारखा आवाज येतो. दुसऱ्यांदा तो आला की बटणं सोडा. आवाज न करणाऱ्या किंवा टी२ असलेल्या मशीनवर अॅपलचं चिन्ह दुसऱ्यांदा येऊन गेलं की सोडायचं. बाहेरचा विंडोजचा कीबोर्ड असेल तर विंडोज बटण म्हणजे कमांड आणि ऑल्ट म्हणजे ऑप्शन, पण लॅपटॉपवर आतलाच कीबोर्ड वापरावा. ब्लूटूथचा कीबोर्ड इतक्या लवकर जोडला जाईलच असं नाही.

बटणं बरोबर धरूनही आवाज दुसऱ्यांदा आलाच नाही, तर फर्मवेअर पासवर्ड घातलेला आहे का ते पाहा. तो असेल तर हा रीसेट चालत नाही. आधी रिकव्हरीतून तो काढावा लागतो. जुना मॅक विकत घेतलेला असेल तर हे बरेचदा समोर येतं.

रीसेटनंतर एक पायरी राहतेच, आणि ती बहुतेक लोक विसरतात. वही कोरी झाली म्हणजे चुकीचा पत्ता गेला, पण बरोबर पत्ताही लिहिलेला नाही. मशीन स्वतः डिस्क शोधून सुरू होतं, तरी सुरुवातीला रेंगाळतं. स्टार्टअप डिस्कमध्ये जाऊन आतली डिस्क निवडली की ते थांबतं. या मशीनवर ती निवडल्यावर पुढच्या सुरुवातीत प्रश्नचिन्ह आलं नाही. टाइम झोन आणि पडद्याचं रेझोल्यूशनही एकदा तपासून घ्यावं.

आणखी एक इशारा, कारण २०१५ च्या मशीनवर तो लागू होतो. अॅपलने या एअरसाठी मॉन्टेरेनंतरची आवृत्ती दिलेली नाही. म्हणून काहीजण ओपनकोअर लेगसी पॅचरने पुढची मॅकओएस चढवतात. अशा मशीनवर एनव्हीरॅम रीसेट केला की ओपनकोअरची निवड पुसली जाते आणि मशीन सरळ मॅकओएसकडे जाऊन अडखळतं. तेव्हा घाबरून डिस्क फॉरमॅट करू नका. सुरू होताना ऑप्शन दाबून धरा, ओपनकोअरचं `EFI Boot` निवडा, आणि मशीन चालू झालं की तीच निवड कायम करून घ्या. सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन बंद ठेवलेलं असेल तर त्याची नोंदही याच वहीत असल्याने तीही मूळ स्थितीवर येते.

इतर मॅकवर

वरची बटणं सगळ्या मॅकना लागू नाहीत, आणि चुकीच्या मशीनवर ती दाबून काहीच होत नाही म्हणून लोक निराश होतात. २००९ च्या सुरुवातीची आणि त्याआधीची, बॅटरी बाहेर निघणारी मॅकबुक असतील तर मशीन बंद करून चार्जर आणि बॅटरी काढतात, पॉवरचं बटण ५ सेकंद दाबून धरतात आणि बॅटरी परत बसवतात. आयमॅक आणि मॅक मिनीत बटणांची भानगड नाही: बंद करून वायर काढायची, १५ सेकंद थांबायचं, वायर लावायची, आणखी ५ सेकंद थांबून सुरू करायचं. टी२ असलेल्या लॅपटॉपमध्ये डावं कंट्रोल, डावं ऑप्शन आणि उजवं शिफ्ट ७ सेकंद, मग तीच धरून पॉवरचं बटण आणखी ७ सेकंद. एम१ आणि त्यापुढच्या चिपच्या मॅकमध्ये एसएमसी रीसेट नावाचं काही उरलेलं नाही. तिथे मशीन बंद करून पुन्हा चालू करणं हाच उपाय.

याच एअरचा पंखा पुढे कधी रीसेटनंतर काही दिवसांतच पुन्हा ६५०० वर जाऊन बसला, तर तिसरा-चौथा रीसेट करत राहू नये. सुरू होताना डी दाबून धरलं की अॅपल डायग्नोस्टिक्स उघडतं. त्यात `PPF` ने सुरू होणारा कोड पंख्याकडे, `PFM` एसएमसीकडे, `PPT` बॅटरीकडे आणि `PPP` अॅडॅप्टरकडे बोट दाखवतो. `ADP000` म्हणजे काही सापडलं नाही. कोड आला की तो लिहून घेऊन मशीन बर्डीवर दाखवायला न्यावं, आणि दुकानदाराला रीसेट करून झालेत हेही सांगावं, म्हणजे तो पुन्हा तिथूनच सुरुवात करणार नाही.